विमान पाटण्यात, गाडी मडगावात, वऱ्हाड दिल्लीत

डेस्टिनेशन वेडिंगला ट्रॅव्हल डेस्क असतो हे बहुतेक पाहुण्यांना कळतं ते काहीतरी अडल्यावर. हॉटेलच्या लॉबीत एक टेबल, दोन लॅपटॉप, चार्जरांचा गुंता आणि फोन कानाला लावून बसलेली एक बाई, म्हणजे मी. गाड्या, खोल्यांची यादी, कोण कधी उतरणार याचा तक्ता, हे सगळं माझ्याकडे. विमानाला उशीर झाला की पाहुण्यांना जो संदेश जातो तोही मीच लिहिते. तो लिहायला दोन मिनिटं पुरतात, पण त्याच्या आधी काय काय लावून ठेवावं लागतं ते एका लग्नाच्या निमित्ताने सांगते.

डिसेंबरचा मध्य, दक्षिण गोव्यातलं बाणावली. मुलीकडचे ठाण्याचे. मुलाकडचे मूळ साताऱ्याचे, पण दोन पिढ्या दिल्लीत. वरपक्षाची चौतीस माणसं दिल्लीहून सकाळी ९.१० च्या विमानाने निघून ११.५५ ला मोपाच्या विमानतळावर उतरणार होती. मुलीच्या मावशीचं कुटुंब, नऊ जण, हैदराबादहून सव्वाबाराला मोपालाच. दोन्ही गटांसाठी पंचेचाळीस आसनांची एक बस, म्हणजे सगळे एकदम हॉटेलवर. तीच बस त्यांना उतरवून मडगाव स्टेशनला जाणार, कारण जनशताब्दीने मुंबईहून आणखी बावीस जण दुपारी दोनच्या पुढे उतरणार होते. स्टेशनवरच्यांना तासभर थांबावं लागलं असतं, पण तेवढं चालण्यासारखं होतं. कागदावर हे छान दिसत होतं. डिसेंबरात गोव्यात मोठी गाडी मिळणं मुश्कील, त्यामुळे एकाच बसवर तीन कामं लावण्यात गैर काही नव्हतं.

संध्याकाळी साडेसहाला सीमांतपूजन. म्हणजे ज्यांच्या स्वागताचा विधी, तेच त्या विमानात.

पहाटे दिल्लीत धुकं पडलं. सातच्या आधीच विमान कंपनीचा एसएमएस आला, नवीन वेळ ९.५०. आठ वाजून गेल्यावर दुसरा, १०.३०. या क्षेत्रात नवीन आलेली मुलं इथेच फसतात. ती एसएमएसमधली वेळ उचलतात, पाहुण्यांना पुढे पाठवतात, ड्रायव्हरला कळवतात, आणि तासाभराने पुन्हा सगळ्यांना नवीन वेळ कळवत बसतात. तिसऱ्या संदेशानंतर पाहुणे वाचणं सोडतात आणि फोन करायला लागतात.

मी कंपनीच्या वेळेआधी एकच गोष्ट शोधते: ज्या विमानाने आपली माणसं येणार ते विमान आत्ता कुठे आहे? विमानं आत्ता कुठे आहेत ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडारवर आपल्या उड्डाणाला कुठलं विमान लावलंय ते बऱ्याचदा शेपटीवरच्या नोंदणी क्रमांकासकट दिसतं, आणि त्या क्रमांकावरून ते आधी कुठून येतंय तेही. आमचं विमान सव्वाआठला पाटण्यात उभं होतं. तिथेही धुकं. ते दिल्लीला येणार, रिकामं होणार, साफ होणार, इंधन भरणार, मग आमची माणसं चढणार.

हिशेब सोपा आहे. ते नऊला उडालं असं धरलं, तरी पाटणा ते दिल्ली पावणेदोन तास, म्हणजे पावणेअकरा. उतरून पुन्हा निघायला पन्नास मिनिटं धरली की ११.३५. दिल्ली ते मोपा पावणेतीन तास, म्हणजे २.२०. म्हणून १०.३० चा एसएमएस खरा ठरण्याची शक्यताच नव्हती. मी तक्त्यात अडीच लिहिलं आणि पुढची सगळी जुळणी त्या अडीचवर केली. अंदाज थोडा मागे धरावा. गाडी दहा मिनिटं थांबलेली चालते, पण चौतीस माणसं सामानासकट गाडीची वाट बघत उभी राहिली की लग्नघरात त्याचीच चर्चा होते.

पहिला फोन पाहुण्यांना नाही, बसच्या ड्रायव्हरला. गाडीचं बिल गॅरेज ते गॅरेज चालतं. चाक गॅरेजबाहेर पडलं की तास सुरू. बस मडगावहून नऊला निघणार होती, मी चाळीस मिनिटं आधी पकडलं.

"दादा, निघाला नाहीत ना अजून?"

"डिझेल भरून ठेवलंय मॅडम, निघतच होतो."

"थांबा. आता सव्वाअकराला निघायचं. वाटेत म्हापशाला जेवण घ्यायचंय. नवीन ड्युटी स्लिप पाठवते, जुनी फाडा."

जुनी फाडा हे सांगावंच लागतं. दोन स्लिपा हातात असल्या की मालक एक वाचतो आणि ड्रायव्हर दुसरी.

मग दिल्लीच्या गटाला पहिला संदेश गेला, ८.२५ ला. तो मुद्दाम तोकडा ठेवला होता:

"नमस्कार. दिल्ली–गोवा विमानाला उशीर आहे. कंपनीने १०.३० कळवलं असलं तरी साडेअकराच्या आधी निघेल असं दिसत नाही. चेक-इन राहिलं असेल तर मात्र आत्ताच करा आणि आत जा. गाडी आणि जेवण नवीन वेळेला लावत आहोत. पुढचा संदेश सव्वानऊला."

यात दोन वाक्यं महत्त्वाची. पहिलं चेक-इनचं. उशीर आहे म्हटलं की चौतीसातली चार माणसं बाहेरच रेंगाळतात. काउंटर नव्या वेळेच्या हिशेबाने उघडा राहीलच असं नाही, आणि धुकं लवकर विरलं तर जाहीर केलेला उशीर कमीही होतो. कंपनीकडून काही खायला मिळायचं असेल, तर त्यालाही वेळेवर चेक-इन केलेलं असावं लागतं. दुसरं वाक्य म्हणजे पुढचा संदेश किती वाजता. लोकांना माहिती नसल्याचा त्रास होतोच, पण ती कधी मिळणार हे माहीत नसलं की जास्त होतो. सव्वानऊ सांगितलं की सव्वानऊपर्यंत माझा फोन मोकळा राहतो आणि त्या पन्नास मिनिटांत खरं काम होतं. सव्वानऊला नवीन काही नसलं, तरी "अजून बदल नाही" एवढं पाठवायचं. ती वेळ चुकवायची नाही.

आता उरले बाकीचे दोन गट, ज्यांच्या प्रवासाला काहीच झालेलं नव्हतं. हैदराबादचं विमान वेळेवर होतं. त्यांना बससाठी थांबवलं असतं तर मावशी आणि मंडळी मोपाला अडीच-तीन तास बसली असती. स्टेशनवर उतरणाऱ्या बावीस जणांना तर बस मिळणारच नव्हती, कारण जनशताब्दी मडगावला लागेल तेव्हा बस मोपाला असणार होती. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात आणि बाणावली दक्षिणेला, ७५ किलोमीटरच्या आसपास. त्यात तेव्हा पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं, म्हणून मी दोन तास धरले. विमान दाबोळीला असतं तर हा पेच इतका पडलाच नसता. तिथून बाणावली तासाभरातच येते.

म्हापशाच्या व्हेंडरकडे सतरा आसनी मागितली. डिसेंबरात ती मागणं म्हणजे गणपतीत कोकणाचं तिकीट मागणं. नाहीच म्हणाला. दोन इनोव्हा होत्या, त्या घेतल्या. नऊ माणसं आणि लग्नाचं सामान, त्यामुळे पाच आणि चार अशीच विभागणी करावी लागते. इनोव्हात सात बसतात हे खरं, पण मागची सीट उघडली की बॅगा जाणार कुठे? गाड्या गोव्याच्याच क्रमांकाच्या घेतल्या. बाहेरच्या राज्याची गाडी विमानतळावर भाडं उचलायला उभी राहिली की स्थानिक टॅक्सीवाले हटकतात, आणि तो वाद सोडवायला त्या दिवशी माझ्याकडे वेळ नव्हता.

स्टेशनच्या बावीस जणांसाठी हॉटेलची स्वतःची शटल मागितली. अंतर सात-आठ किलोमीटर, म्हणून दोन खेपा जमतात. पहिल्या खेपेत वयस्कर मंडळी आणि लहान मुलंवाले, सामान वेगळ्या टेम्पोत, बाकीचे दुसऱ्या खेपेला. हे त्यांना गाडीत बसल्या बसल्याच कळवलं, कोणी पहिल्या खेपेत आणि कोणी दुसऱ्या, नावानिशी. फलाटावर उतरल्यावर सांगितलं असतं तर तिथेच मानापमान रंगला असता.

तिन्ही गटांना वेगवेगळे संदेश गेले. लग्नाचा एक मोठा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यावर प्रवासाचं काहीही टाकायचं नाही हा माझा नियम. दिल्लीच्या उशिराचा संदेश रत्नागिरीच्या आसपास गाडीत बसलेल्या काकांनी वाचला की ते मला फोन करून विचारतात, "आमचं काय?" त्यांचं काहीच झालेलं नसतं.

आता जेवण, आणि खरा घोळ इथेच असतो.

हॉटेलचा दुपारचा बुफे साडेबारा ते तीन. दिल्लीची मंडळी पाचच्या आधी पोहोचत नव्हती. सकाळी सहाला घर सोडलेली माणसं. विमान कंपनी काही देईल का? देशातल्या उड्डाणांसाठी विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा नियम असा आहे की प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल तर दोन तासांच्या उशिरावर खाणं द्यायचं, अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांच्या. दिल्ली–मोपा पावणेतीन तास, म्हणजे तीन तासांचा नियम. आमचा अंदाज होता अडीच तासांच्या जरा वर. म्हणजे नियमाने काहीच नाही. शिवाय धुकं हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण, तिथे तिला सूट मागायला जागा असते. दिलं तर आनंद, पण मी त्यावर पान मांडत नाही. वधूपित्यांशी बोलून ठरवलं की दिल्ली विमानतळावर प्रत्येकाने सहाशे रुपयांपर्यंत खाऊन घ्यावं, बिलाचा फोटो कुटुंबप्रमुखाकडे द्यावा, पैसे आम्ही देऊ.

नाश्त्याचं झालं, पण दुपारचं? मोपाहून निघाल्यावर वाटेत हॉटेलात बसवलं असतं तर चौतीस जणांना किमान तास लागला असता आणि सीमांतपूजन आठवर गेलं असतं. म्हणजे बसमध्येच डबे. हे सांगितल्यावर वधूपिते गप्प झाले. मग म्हणाले, "अहो, व्याह्यांना पहिलं जेवण डब्यात? काय म्हणतील लोक?"

मी म्हटलं, "काका, उपाशी आणलं तर जास्त म्हणतील. पण एक करा. डबे ड्रायव्हरने नको द्यायला. मुलीच्या मामांना बसमधून मोपाला पाठवा. ते गेटवर पाटी घेऊन उभे राहतील, स्वागत करतील आणि आपल्या हाताने डबे देतील."

ते त्यांना पटलं. मलाही मामा हवेच होते. पाटी घेऊन उभं राहणारं माणूस ओळखीचं असलं की ज्यांनी संदेश वाचलेलेच नाहीत तेही बरोबर त्याच्याकडे येतात.

डबे हॉटेलच्या स्वयंपाकघरातून का नाही घेतले? बाणावलीहून भरलेला डबा बसने सव्वाअकराला निघणार आणि सव्वातीनला उघडणार. चार तास बसच्या डिकीत. गरम अन्न साठ अंशांच्या खाली उतरलं की ते बिघडायला लागतं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी वरपक्षाची पोटं बिघडणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून म्हापशाच्या केटररला सांगितलं. बस जाताना महामार्गावरच्या करासवाड्याला पावणेदोनला डबे घेणार, म्हणजे भरल्यापासून खाईपर्यंत दीड-दोन तास. यादी मी सांगितली: मेथीचे पराठे, बटाट्याची सुकी भाजी, व्हेज कटलेट, केळं, ताकाचा टेट्रापॅक, पाणी. रस्सा नाही, पनीर नाही, दहीभात नाही, आणि भाजीवर ओलं खोबरं नाही. शेवटचं दोनदा सांगितलं. गोव्यात खोबरं न घालता भाजी केली तर स्वयंपाक्याला अपुरं वाटतं, आणि उन्हात सगळ्यात आधी तेच आंबतं.

तेवढ्यात लक्षात आलं, वार गुरुवार आणि महिना मार्गशीर्ष. पाहुण्यांच्या यादीत जेवणाच्या रकान्यात शाकाहारी-मांसाहारी एवढंच असतं, उपास कोणी लिहीत नाही. नवऱ्या मुलाच्या काकूंना फोन केला. सात जणींचा उपास निघाला. साबुदाण्याची खिचडी थंड झाली की रबर होते, म्हणून ती नको म्हटलं. त्याऐवजी फळं, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा उपासाचा चिवडा आणि राजगिऱ्याची चिक्की. या सात डब्यांना वेगळ्या रंगाची पट्टी आणि वर नावं. संध्याकाळी पूजेनंतर त्या उपास सोडणार होत्या, म्हणून हॉटेलला त्यांची पानं सीमांतपूजनानंतर लगेच वाढायला सांगितली.

एक आजोबा इन्सुलिनवर होते. त्यांचं गटाच्या संदेशात लिहिलं नाही. त्यांच्या मुलाला वेगळा फोन केला: विमानात चढायच्या आधी आजोबांना नीट जेवू घाला, बोर्डिंग आणखी सरकलं तरी त्यांचं जेवण सरकवू नका. डबे एकूण सदतीस सांगितले. चौतीस पाहुणे, एक मामा, ड्रायव्हर आणि क्लीनर. ड्रायव्हरचा डबा विसरणारे डेस्क मी पाहिलेत. मग तो पर्वरीच्या अलीकडे कुठेतरी "पाच मिनिटं मॅडम" म्हणून थांबतो आणि अर्धा तास जातो.

हॉटेलकडे वेगळीच बोलणी. जेवणाच्या करारात किमान संख्येची हमी असते, गॅरंटीड पॅक्स म्हणतात त्याला. आयत्या वेळी ती कमी होत नाही. चौतीस जण जेवले नाहीत तरी बिल लागणारच. त्यावर भांडण्यात अर्थ नसतो, शेफने भाजी चिरलेली असते. मी बँक्वेट मॅनेजरला म्हटलं, "पैसे कमी करू नका. दुपारच्या चौतीस पानांच्या बदल्यात पाच वाजता चहाबरोबर गरम काहीतरी द्या, आणि बुफे साडेतीनपर्यंत चालू ठेवा." हैदराबादचे पावणेतीनला आणि स्टेशनवरचे त्याच सुमाराला पोहोचत होते, म्हणून तो अर्धा तास मला हवा होता. तो तयार झाला. उपमा, टोमॅटो सार आणि भजी ठरली. कमी करा म्हटलं की मॅनेजरला वर विचारावं लागतं, बदलून द्या म्हटलं की तो स्वतःच्या अधिकारात हो म्हणतो.

हे सगळं लागलं तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटांनी पाटण्याचं विमान उडालं. सव्वानऊला दुसरा संदेश गेला:

"संदेश २ (आधीचा रद्द).
विमान: दिल्लीहून साधारण ११.४०, मोपाला अंदाजे २.३०.
आत्ता: विमानतळावर खाऊन घ्या, माणशी ६०० रुपयांपर्यंत. बिलाचा फोटो कुटुंबप्रमुखाकडे द्या.
मोपाला: बाहेर पडताच मुलीचे मामा पाटी घेऊन उभे असतील. त्यांच्याबरोबर बसपर्यंत जा.
जेवण: बसमध्ये, नावाचे डबे. उपासाचे वेगळे.
हॉटेल: साधारण ५. चहा-नाश्ता तयार. सीमांतपूजन ७ वाजता.
काल दिलेला ड्रायव्हरचा नंबर वापरू नका. फक्त डेस्कच्या नंबरवर फोन करा.
विमान आणखी सरकलं तर पुढचा संदेश ११ ला. नाही सरकलं तरी ११ ला."

"आधीचा रद्द" आणि संदेशाला क्रमांक, या दोन गोष्टी वरवर सरकारी वाटतात. पण फोनवर दोन्ही संदेश राहतात आणि वाचणारा वर सरकवून जुनाच वाचतो. ड्रायव्हरचा नंबर वापरू नका हे मुद्दाम लिहिलं. ड्रायव्हरला एकाच वेळी चौदा जण फोन करतात, तो घाटात असो की टोलवर.

सीमांतपूजन सातला, हे मी गुरुजींना विचारल्याशिवाय लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, मुहूर्त उद्याच्या अक्षतांचा, आजचं अर्ध्या तासाने सरकलं तर हरकत नाही. दोन्ही घरच्यांनी होकार दिल्यावरच ती ओळ संदेशात आली.

मनात दुसरी भीती होतीच. उशीर तीन तासांच्या वर जाणार असं दिसलं तर धुक्याच्या दिवसांत कंपन्या उड्डाण रद्दही करू शकतात, डीजीसीएने २०२४ च्या जानेवारीत तशी मुभा दिली आहे. म्हणून दुपारच्या दुसऱ्या विमानांत किती जागा आहेत ते बघून ठेवलं होतं. चौतीस एकत्र कुठेच नव्हत्या. वेळ आली असती तर आधी नवरा मुलगा, त्याचे आईवडील आणि आजोबा, बाकीचे नंतर, असा क्रम लिहून ठेवला होता. तो पाहुण्यांना सांगायची गरज पडली नाही आणि सांगायचाही नसतो.

विमान दिल्लीहून ११.४८ ला निघालं, २.३१ ला उतरलं. दोन बॅगा पट्ट्यावर उशिरा आल्या म्हणून बस ३.१५ ला सुटली. मामांनी डबे वाटले. पर्वरीत अपेक्षेप्रमाणे अडकले. हॉटेलवर ५.२०. जनशताब्दीवाले आधीच जेवून खोल्यांत झोपले होते. हैदराबादच्या मावशींनी मात्र तक्रार केली की आम्हाला बसऐवजी गाड्या का, सगळ्यांबरोबर गाणी म्हणत यायचं होतं. ते माझ्या तक्त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर वधूपित्यांपुढे हिशेब ठेवला. दोन इनोव्हा, सदतीस डबे, सामानाचा टेम्पो आणि दिल्लीची नाश्त्याची बिलं, एवढं जास्तीचं. बस गॅरेजबाहेर पडण्याआधी थांबवल्यामुळे जास्तीचे तास लागले नाहीत, आणि पाचचा नाश्ता दुपारच्या पानांत वळता झाला. त्यांनी सगळं वाचलं आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. दिल्लीच्या बिलांत एका पाहुण्याचं साडेनऊशेचं बिल होतं. "हे द्या पूर्ण," म्हणाले, "ते मुलाच्या आत्याचे यजमान आहेत."